चहाआधीचा तास

निवृत्तीनंतर घड्याळाकडं बघायचं नाही, हे मी ठरवूनच टाकलं होतं. सगळी नोकरी एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून गेली. कुठली गाडी फलाटावर लागली, कुठली उशिरा सुटली, चालक आलाय पण वाहक आलेला नाही, हेच दिवसभर. त्यामुळं घरी बसल्यावर जाग येईल तेव्हा उठायचं, हिनं हातात दिलेला चहा प्यायचा, पेपर वाचायचा आणि वाचता वाचता परत आडवं व्हायचं, असा क्रम लागला. अंगात सुस्ती असायची. पोट साफ होत नसे. एप्रिलमध्येही पहाटे चादर गुंडाळून घ्यावी लागे, आणि ही म्हणायची, "तुम्हाला एकट्यालाच कुठली थंडी वाजते हो?" वय झालं, दुसरं काय, असं मी धरून चाललो होतो.

रक्तदाबाच्या तपासणीला गेलो तेव्हा आमच्या डॉक्टरांनी सहज विचारावं तसं पोटाचं आणि थंडीचं विचारलं आणि टीएसएच करायला सांगितलं. रिपोर्टमध्ये आकडा आला १४.२. कागदावर छापलेली वरची मर्यादा चारच्या आसपास होती. टीएसएच वाढलेला म्हणजे थायरॉईडची ग्रंथी कमी काम करतेय आणि मेंदूतली दुसरी ग्रंथी तिला ओरडून ओरडून कामाला लावायला बघतेय, असं डॉक्टरांनी समजावलं. लेव्होथायरॉक्सिनची गोळी सुरू झाली, २५ मायक्रोग्रॅमची. माझं वय आणि रक्तदाब बघता एकदम मोठा डोस नको, हृदयावर ताण येतो. छातीत धडधड, हात थरथरणं असं काही वाटलं तर लगेच सांगा, असं बजावलं. आणि म्हणाले, "सकाळी उठल्या उठल्या, अनशापोटी, नुसत्या पाण्याबरोबर. रोज."

रोज म्हटल्यावर गजर आलाच. नातीनं फोनमध्ये लावून दिला, पहाटे साडेपाचचा, सगळे वार निवडून, आणि त्याला नाव दिलं 'आबा, गोळी'. फोन उशाशी असायचा. गजर वाजला की हात आपोआप जायचा आणि तो बंद व्हायचा. मग कधी गोळी घेऊन परत झोपायचो, कधी नुसताच परत झोपायचो. सात वाजता उठल्यावर प्रश्न पडायचा, घेतली की नाही? गजर बंद केल्याचं आठवायचं, गोळीचं काही आठवायचं नाही. आणि बाटलीत शंभर गोळ्या. एक कमी झालीय का हे बघून कुणाला कळणार?

यावर उपाय जुन्या नोकरीतूनच सापडला. आगारात गाडी सुटली हे कुणाच्या लक्षात आहे म्हणून धरत नाहीत, नोंदवहीत वेळ पडली तरच ती सुटली. मी एक दोनशे पानी वही आणली, तारीख आणि गोळीची वेळ असे दोन रकाने आखले आणि वही, पेन, बाटली, पाण्याचा तांब्या आणि फोन असं सगळं एकत्र स्वयंपाकघरात ठेवलं. आता गजर बंद करायचा तर उठून तिथवर जावंच लागे, आणि तिथं गेलं की गोळी समोर. गोळी तोंडात, मग नोंद. नोंद नसेल तर घेतलेली नाही. पहिल्यांदा बाटली गॅसच्या वरच्या फळीवर ठेवली होती. औषध दुकानातल्या पोराशी बोलताना हे निघालं तर तो म्हणाला, "काका, तिथं नको. वाफ आणि उष्णता लागली की ही गोळी खराब होते." मग सगळं सामान फ्रिजशेजारच्या कपाटात गेलं. आठवड्याच्या वारांची प्लास्टिकची डबी मिळते ती मुलानं पुण्याहून पाठवली होती, पण ही गोळी मी तिच्या मूळ बाटलीतच ठेवतो, झाकण घट्ट लावून.

सहा आठवड्यांनी टीएसएच ९.८ झाला. डॉक्टर म्हणाले ठीक, आता ५० घ्या. पुढच्या सहा आठवड्यांनी परत तपासला तर ९.१. डोस दुप्पट आणि आकडा तिथंच. वहीत एकही रकाना रिकामा नव्हता, ती मी सोबतच नेली होती. डॉक्टरांनी पानं चाळली, वही मिटली आणि विचारलं, "गोळीनंतर चहा किती वेळानं?"

"लगेच. पाच-दहा मिनिटांत. अनशापोटी घ्या म्हणालात, तसं घेतो."

"आणि दुसऱ्या कुठल्या गोळ्या?"

गुडघ्यासाठी दाखवलेल्या दुसऱ्या डॉक्टरांनी कॅल्शियमची गोळी दिली होती, ती साडेसातला नाश्त्याबरोबर. शिवाय ॲसिडिटी झाली की ते गुलाबी औषध, तेही सकाळीच. हे सगळं ऐकल्यावर त्यांनी चिठ्ठीच्या मागं वेळापत्रकच काढलं. दुधाचा चहा लगेच पोटात गेला की गोळी आतड्यात नीट शोषली जात नाही. कॅल्शियम, लोहाच्या गोळ्या आणि ॲसिडिटीचं औषध तर त्याहून वाईट. ते गोळीला धरून ठेवतं आणि तसंच बाहेर नेतं. म्हणून चहा किमान अर्ध्या तासानं, जमलं तर तासानं. कॅल्शियम आणि ॲसिडिटीचं औषध चार तासांनंतर. रक्तदाबाच्या माझ्या गोळीचा यात अडथळा नाही. डोस त्यांनी वाढवला नाही. "आधी आहे ती गोळी अंगाला लागू दे," म्हणाले.

कॅल्शियम रात्रीच्या जेवणानंतर टाकलं, तो प्रश्न मिटला. चहाचा मिटला नाही.

साडेपाचला गोळी, साडेसहाला चहा. कागदावर हे सोपं दिसतं. पहाटे चहाशिवाय एक तास म्हणजे काय हे ज्याला कळतं त्यालाच कळतं. पहिले काही दिवस मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून घड्याळ बघत होतो. पेपर सहाशिवाय येत नाही, आणि चहाशिवाय पेपर वाचला तर अग्रलेख डोक्यात शिरत नाही. हिची चिडचिड वेगळीच. चाळीस वर्षं आमचा पहिला चहा एकत्र. आता ती माझ्यासाठी थांबायची आणि थांबली की बोलायची. "तुमची गोळी आणि उपास मला!" मी म्हणालो, तू घे. तर म्हणे, एकटीनं कसला चहा घ्यायचा.

परत झोपायची सोय नव्हती, कारण झोपलो की सात वाजतात आणि मग सगळंच पुढं सरकतं. म्हणून एक दिवस दूध आणायला निघालो. पिशवी दारात यायची ती मीच बंद केली. डेअरी पाच मिनिटांवर, त्यात तास जाईना, मग पुढं प्रीतिसंगमापर्यंत जायला लागलो. कऱ्हाडात राहून मी कृष्णा-कोयनेचा संगम पाहुण्यांना दाखवायलाच काय तो जायचो. दोन नद्या समोरासमोर येऊन मिळतात हे शाळेपासून ठाऊक, पण पावसाळ्यात कोयनेचं पाणी सोडल्यावर कुठल्या बाजूनं जोर जास्त लागतो हे तिथं रोज उभं राहिल्यावर दिसलं. यशवंतरावांच्या समाधीला वळसा घालून बागेतून परत आलो की सहा-पंचवीस. बागेत फिरणाऱ्यांत आमच्या आगारातला एक जुना चालक भेटला. त्यालाही तीच गोळी, दहा वर्षांपासून. तो म्हणतो, साहेब, मी रात्री झोपताना घेतो, जेवून तीन तास झाल्यावर. डॉक्टरांना विचारलं तर तेही चालतं म्हणाले. पण मी नऊला जेवून दहाला झोपणारा माणूस, मला सकाळच बरी.

पुण्याला मुलाकडं गेलो तेव्हा खरी पंचाईत झाली. सूनबाई सकाळी लवकर उठून सासऱ्यांसाठी आल्याचा चहा ठेवते आणि मी गोळी नुकतीच गिळलेली. तिला नको म्हणायला जीव होईना. कप हातात घेऊन बसलो होतो, तेवढ्यात नात डोळे चोळत बाहेर आली. फोन बघितला, माझ्या हातातला कप काढून घेतला आणि आईला म्हणाली, "आबांचा चहा साडेसहाला. यांना आत्ता द्यायचा नाही." सूनबाईंनी कारण विचारलं. मी सांगितलं तर म्हणाली, "मग आधी सांगायचं ना बाबा! रोज ताटकळत बसलात." त्या दिवसापासून त्यांच्या घरीही चहा साडेसहाला.

एकदा रात्री वीज गेली, फोन चार्ज झाला नाही आणि पहाटे गजर वाजलाच नाही. सात वाजता जाग आली, तोवर हिनं चहा दिला, तो पोटात गेला. दवाखान्यात फोन केला. ही गोळी अंगात बराच काळ टिकते, निम्मी जायलाच आठवडाभर लागतो, त्यामुळं एका दिवसानं काही बिघडत नाही, असं कळलं. चहाला तीन-चार तास झाल्यावर आज घ्या, आणि आजची राहिलीच तर उद्या दोन घेऊ नका. वहीत त्या तारखेपुढं लाल पेनानं १०:४५ लिहिलं आहे. दुसऱ्याच दिवशी बाजारातून सेलवर चालणारं साधं गजराचं घड्याळ आणलं.

पुढच्या तपासणीला रक्त देऊन आल्यावर गोळी घेतली, आधी नाही. तपासणीच्या दिवशी तसंच करायचं असतं. आकडा आला ४.३, त्याच ५० च्या डोसवर. डॉक्टर म्हणाले, तुमच्या वयाला छान आहे, आता सहा महिन्यांनी या. पोट त्याआधीच रुळावर आलं होतं आणि चादर पायथ्याशी घडी घालून पडलेली असते. वजन मात्र दीड किलोच उतरलं, ते गोळीनं की चालण्यानं, देव जाणे.

आता गजराच्या आधीच जाग येते, पण तो काढलेला नाही. पाहुणे असले, जागरण झालं की उपयोगी पडतो. ही मात्र आता साडेसहापर्यंत निवांत झोपते. लग्न झाल्यापासून ती माझ्यानंतर उठलेली मला आठवत नाही. दूध घेऊन मीच येतो, त्यामुळं चहाही मीच टाकतो. पहिल्या दिवशी तिनं एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाली, "आलं किसून घालायचं असतं, ठेचून नाही. आणि साखर मी घालीन."