लाल पेन खिशातच राहू द्या

रात्री साडेनवाला व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल येते आणि खाली एक ओळ असते, ‘भो, जरासं देखी ले ना.’ फाइलचं नाव Resume final new 2.pdf. उघडली की पहिल्याच ओळीत स्पेलिंगची चूक दिसते आणि हात शिवशिवायला लागतात. नेमकं तेव्हाच थांबायचं असतं, कारण ती ओळ रेझ्युमेत राहणार की नाही, हेच अजून ठरलेलं नसतं.

समजा, मित्र अमळनेरचा. केमिस्ट्रीत बीएस्सी, जळगावच्या एमआयडीसीत एका डाळ मिलमध्ये दोन वर्षं काम आणि आता नाशिकच्या एका अन्नप्रक्रिया कंपनीत क्वालिटी विभागातली जागा हवी आहे. त्याच्याकडे आधी जाहिरात मागावी. रेझ्युमे चांगला की वाईट हे हवेत ठरत नाही. तो कुणापुढे जाणार, त्यावर ठरतं. जाहिरातीत नमुना तपासणी, नोंदी ठेवणं आणि शिफ्टची तयारी मागितली असेल, तर या तिन्ही गोष्टी डोक्यात ठेवूनच फाइल पुन्हा उघडायची.

मग दहा सेकंद पाहून मोबाइल पालथा ठेवायचा. काय लक्षात राहिलं? फोटो, वडिलांचं पूर्ण नाव, जन्मतारीख, ‘अविवाहित’ आणि आव्हानात्मक वातावरणात काम करण्याची इच्छा. आपल्याकडचे निम्मे रेझ्युमे लग्नाच्या बायोडेटावरूनच बेतलेले असतात, रास आणि नाडी तेवढी काढून टाकलेली. डाळ मिलमधली दोन वर्षं दुसऱ्या पानावर, छंदांच्या जरा वर, दोन ओळींत उरकलेली. मित्राला पहिल्या फेरीत एवढंच सांगायचं: ‘मिलचं काम वर आण, पहिल्या अर्ध्या पानात. घरचा तपशील काढ.’ बाकी काही नाही. चाळीस खुणा एकदम केल्या, तर तो सोप्या त्या आधी करतो. स्वल्पविराम सुधारतो आणि मिल दुसऱ्या पानावरच राहते.

याच फेरीत आणखी एक गोष्ट पाहून घ्यावी. दोन रकान्यांचा सुंदर साचा वापरला असेल, तर पीडीएफमधला सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकायचा. तिथे डाव्या रकान्यातली कौशल्यं उजवीकडच्या नोकरीत घुसलेली दिसली, तर अर्ज वाचणाऱ्या सॉफ्टवेअरलाही तशीच खिचडी दिसण्याची शक्यता आहे. तेव्हा एकच रकाना बरा.

खरं काम दुसऱ्या फेरीत, आणि मोह सगळ्यात जास्त तिथेच. ओळ असते: ‘क्वालिटीचं काम पाहिलं.’ आपल्याला इंग्रजी बरं येत असतं, झोकदार वाक्य सुचलेलं असतं. ते लिहून द्यायचं नाही, विचारायचं. नमुना किती वेळाने घ्यायचास? ‘दर दोन तासांनी.’ त्यात काय पाहायचास? ‘ओलावा, तुकडा, रंग.’ ओलावा जास्त निघाला तर? ‘लॉट थांबवून परत वाळवणीला पाठवायचो.’ थांबवायचं कोण ठरवायचं? इथे तो जरा अडखळतो. ‘सुपरवायझर. मी सांगायचो.’ हाच प्रश्न सगळ्यात मोलाचा. आपण लिहिलं असतं, तर ‘लॉट नाकारण्याचे निर्णय घेतले’ असं लिहून बसलो असतो, आणि मुलाखतीत तिसऱ्याच प्रश्नाला तो उघडा पडला असता. मग त्यालाच म्हणायचं, आत्ता बोललास तेच लिही. ओळ अशी येते: ‘दर दोन तासांनी नमुना घेऊन ओलावा, तुकडा व रंग तपासला, मर्यादेबाहेरच्या लॉटची सुपरवायझरला सूचना दिली, रोजच्या नोंदी ठेवल्या.’ इंग्रजी थोडं ओबडधोबड होईल, चालेल. ते वाक्य त्याच्या तोंडात बसतं, आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या कंपनीसाठी बदलायचं झालं, तर त्याला पुन्हा आपल्या दारात यावं लागत नाही. तो आकडा सांगू शकला नाही, तर आकड्याविना ओळ जाऊ द्यावी. अंदाजाने टक्के टाकायला लावू नये.

लाल पेन यानंतर, दुसऱ्या दिवशी. स्पेलिंग, तारखांची एकच पद्धत, चालू नोकरी वर्तमानकाळात आणि सोडलेली भूतकाळात. मोबाइल नंबर नुसता वाचायचा नाही, त्यावर फोन लावून पाहायचा. फाइलच्या नावात त्याचं नाव आणि पद यावं.

अर्जाची मुदत आज रात्री बाराची असेल, तर हा क्रम मोडतो. तेव्हा मिलच्या ओळी उचलून वर आणायच्या, नंबर तपासायचा आणि फाइल जाऊ द्यायची. वाळवणीचे प्रश्न मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी विचारता येतात.