थिनरच्या आधी स्पिरिट

पहिली दोन वर्षं आम्ही फक्त नवीन फर्निचर करायचो. जुन्याचं पहिलं काम आलं ते एका आजींचं शिसवी टेबल. जुनं पॉलिश कोणतं ते कळावं म्हणून मी खालच्या बाजूला थिनर लावून पाहिलं, थर चिकट झाला, म्हटलं लॅकरच आहे. वरून एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज लॅकरचा फवारा मारला. दुसऱ्या दिवशी टेबलावर सुरकुत्या! खाली चपडी होती, म्हणजे लाखेचं पॉलिश. थिनरने तीही मऊ होते, हे मला ठाऊक नव्हतं. सगळं टेबल घासून पुन्हा केलं, मजुरी आमच्याच अंगावर बसली.

तेव्हापासून आमच्याकडे क्रम ठरला: आधी स्पिरिट, मग थिनर. त्याच्याही आधी, पायामागे किंवा फळीखाली रुपयाएवढी जागा टर्पेंटाइनने पुसून मेण काढायचं. मेण राहिलं तर स्पिरिट खालच्या थरापर्यंत पोचतच नाही आणि परीक्षा खोटी ठरते. मग कान साफ करायच्या काडीचा कापूस पॉलिशच्या स्पिरिटमध्ये भिजवून मिनिटभर टेकवून ठेवायचा. जागा चिकट झाली आणि कापूस पिवळसर-तपकिरी झाला, तर चपडी. फार जुनी चपडी हट्टी असते, तिला थोडा जास्त वेळ द्यावा लागतो. काहीच झालं नाही तरच शेजारी थिनर. त्याने थर मऊ झाला तर एनसी लॅकर. दोन्हींना दाद न देणारं पॉलिश मेलामाइन किंवा पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन असू शकतं. त्या दोघांतला फरक या काडीने कळत नाही.

हाताने घासलेल्या तेलाच्या पॉलिशला थरच नसतो. तिथे जवसाच्या तेलाचा एक थेंब ठेवतो. तो हळूहळू मुरला तर तेलच, थेंबासारखा वर राहिला तर वर काहीतरी थर आहे. फ्रेंच पॉलिशही हातानेच घासतात, पण ती चपडीच. ब्रशने मारलेली की कापडाच्या गड्डीने घासलेली, हे स्पिरिट सांगत नाही. तिरप्या उजेडात ब्रशचे ओरखडे शोधावे लागतात.

मागच्या पावसाळ्यात एक सागवानी आरामखुर्ची आली. मालक म्हणाले, "काका, सगळं खरवडून नवीन करा." पायामागे स्पिरिटने कापूस तपकिरी झाला. खुर्चीच्या हातांवर मात्र स्पिरिटने काही झालं नाही, थिनरने लगेच चिकटलं. कोणीतरी नंतर फक्त हात लॅकरने केले होते. चहाचे गरम कप आणि घाम यांनी तिथली चपडी पांढरी पडली असावी, असा माझा तर्क. आम्ही हातांचं लॅकर तेवढं काढलं आणि बाकी खुर्चीवर पातळ चपडीची गड्डी फिरवली. जुना रंग तसाच राहिला. मालकांना वाटलेल्या खर्चाच्या निम्म्यात काम झालं, पण त्यांनी बिलावर घासाघीस केलीच.