सात किलोंची दोन कार्डे

दर महिन्याच्या ९ तारखेला आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते. कापूस वेचणीच्या हंगामातील अशाच एका तपासणीच्या दिवशी दोन गर्भवतींची माता-बाल संरक्षण कार्डे एकापाठोपाठ माझ्यासमोर आली. दोघींनाही तिसावा आठवडा सुरू होता आणि दोघींचेही वजन गरोदरपणाच्या सुरुवातीपासून नेमके सात किलोंनी वाढले होते. एकीच्या सासूबाई समाधानाने म्हणाल्या, "मॅडम, सुनेनं चांगलं अंग धरलंय." दुसरीबरोबर आलेल्या आशाताई काळजीत होत्या. प्रत्यक्षात त्या दिवशी दोघींचीही काळजी करायला हवी होती, आणि समाधानी सासूबाईंच्या सुनेची तर अधिक तातडीने.

गरोदरपणात वजन किती वाढावे याला सर्वांसाठी एकच उत्तर नाही, कारण ते सुरुवातीच्या वजनावर आणि उंचीवर अवलंबून असते. आपल्या शासकीय मार्गदर्शनात साधारण ९ ते ११ किलो ही सरासरी वाढ सांगितलेली आहे. अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००९ साली दिलेल्या मर्यादा अधिक बारकाईच्या आहेत आणि डॉक्टर त्यांचाही आधार घेतात. त्यांनुसार बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा, १८.५ पेक्षा कमी असलेल्या कृश स्त्रीचे वजन १२.५ ते १८ किलो, मध्यम वजनाच्या स्त्रीचे ११.५ ते १६ किलो, बीएमआय २५ ते ३० च्या दरम्यान असलेल्या स्त्रीचे ७ ते ११.५ किलो आणि त्याहून स्थूल स्त्रीचे ५ ते ९ किलो वाढणे अपेक्षित असते. पहिल्या तीन महिन्यांत फार तर दोन किलो वाढतात. उलट्यांमुळे तेवढेही वाढले नाहीत, तरी एरवी ठीक असलेल्या स्त्रीच्या बाबतीत मी अस्वस्थ होत नाही. खरी वाढ त्यानंतरची.

पहिल्या स्त्रीची उंची १५६ सेंटिमीटर आणि नोंदणीच्या वेळचे वजन ६६ किलो, म्हणजे बीएमआय सुमारे २७ होता. तिचे वजन दर आठवड्याला २५० ते ३०० ग्रॅमच्या आसपास वाढणे योग्य ठरले असते आणि त्या हिशेबाने तिसाव्या आठवड्याला एकूण सात किलो ही वाढ थोडीशीच जास्त होती. मात्र चार आठवड्यांपूर्वी वजन ६९.४ किलो होते आणि आज ते ७३ भरले होते. सातपैकी साडेतीन किलोंहून अधिक वाढ एका महिन्यातली होती. महिन्यात तीन किलोंपेक्षा जास्त वाढ दिसली की आहाराचा विचार करण्यापूर्वी रक्तदाब, लघवीतील प्रथिने, साखर आणि जुळ्यांची शक्यता तपासायची, हा आमच्याकडचा नियम आहे.

आधी मी वजन पुन्हा करायला लावले, कारण चपला, खांद्यावरची पिशवी किंवा उपकेंद्रातला वेगळा काटा यांमुळे किलोभराचा फरक सहज पडतो. आकडा तोच आला. तिला पंधरा मिनिटे स्वस्थ बसवून घेतलेला रक्तदाब १४४/९२ भरला; मागच्या भेटीत तो ११८/७६ होता. चार तासांनी पुन्हा घेतला तेव्हाही तो १४० च्या वरच होता आणि लघवीच्या पट्टीवर प्रथिने दोन प्लस दिसली. विचारल्यावर तिने सांगितले की सकाळी चेहरा सुजल्यासारखा वाटतो आणि बोटातली अंगठी आता निघत नाही. घरच्यांना जे अंग धरणे वाटत होते, ते पेशींबाहेर साचलेले पाणी होते. सोनोग्राफीत गर्भ एकच होता आणि चोविसाव्या आठवड्यातील ग्लुकोजची चाचणी सामान्य होती, त्यामुळे निदान प्रीएक्लॅम्प्सियाचेच, म्हणजे गरोदरपणात रक्तदाब वाढून लघवीतून प्रथिने जाऊ लागण्याच्या आजाराचेच उरले.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. झपाट्याने वाढलेले वजन किंवा सूज यावरून हा आजार ठरत नाही. तो रक्तदाबावरून आणि लघवीच्या व इतर तपासण्यांवरून ठरतो. वजन बेताने वाढत असतानाही तो होऊ शकतो, म्हणून काटा समाधानकारक असला तरी प्रत्येक भेटीत रक्तदाब घ्यावाच लागतो.

सासूबाईंनी लगेच विचारले, "मग आता मीठ बंद करू का? भातही कमी करते." मी त्यांना सांगितले की मीठ किंवा जेवण तोडून हा आजार बरा होत नाही आणि उपाशी ठेवल्यास बाळाचेच नुकसान होते. तिला रुग्णवाहिकेने जिल्हा रुग्णालयात पाठवले. तेथे रक्ताच्या तपासण्या झाल्या, रक्तदाब कमी करणारे लॅबेटालॉल हे औषध सुरू झाले आणि तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, बरगड्यांखाली पोटात दुखणे किंवा बाळाची हालचाल मंदावणे यांपैकी काहीही जाणवल्यास रात्री-अपरात्रीही तत्काळ यावे, असे घरच्यांना बजावण्यात आले. रक्तदाब आटोक्यात राहिला आणि सदतिसावा आठवडा पूर्ण झाल्यावर कळा आणून तिची प्रसूती करण्यात आली.

हेच वजन रक्तदाब, लघवी आणि साखर या तिन्ही तपासण्या सामान्य असताना वाढले असते, तर बोलणे आहाराकडे वळले असते. आमच्या भागात अशा वेळी बहुधा शिरा, डिंकाचे लाडू आणि दिवसभरातला साखरेचा चहा यांचाच हिशेब निघतो. ते कमी करून रोज अर्धा तास चालायला सांगता येते. वजन उतरवण्याचा प्रयत्न मात्र गरोदरपणात करायचा नसतो. वाढीचा वेग फक्त मंद करायचा असतो.

दुसरी स्त्री अवघी १५० सेंटिमीटर उंच आणि सुरुवातीला ४१ किलो वजनाची होती. तिचा बीएमआय १८.५ च्या खाली होता, म्हणून आठवड्याला सुमारे अर्धा किलो वाढ हवी होती आणि एव्हाना ती नऊ किलोंच्या पुढे जायला हवी होती. सात किलो तिच्यासाठी अपुरे होते आणि गेल्या महिन्यात तर केवळ ७०० ग्रॅमच वाढले होते. गर्भाशयाची उंची २७ सेंटिमीटर म्हणजे अपेक्षेपेक्षा तीन सेंटिमीटर कमी आणि हिमोग्लोबिन ९.२ होते. बाळाची वाढ खुंटली आहे का हे पाहण्यासाठी सोनोग्राफी केली. बाळ लहान, पण मर्यादेत होते आणि गर्भजलही पुरेसे होते.

तिला भूक लागत होती, तरी ती जाणूनबुजून कमी जेवत होती. जास्त खाल्ले की बाळ मोठे होते आणि मग सिझर करावे लागते, असे तिला माहेरी सांगितले होते. शिवाय जेवल्यावर छातीत जळजळ होई आणि सकाळपासून वेचणीला गेल्यावर दुपारची भाकरी अर्धीच खाल्ली जाई. अंगणवाडीतून मिळणारा शिधा घरातल्या सर्वांच्या ताटात वाटला जात होता, याबद्दल तिला दोष देणे मला योग्य वाटत नाही.

दुसऱ्या तिमाहीपासून रोज सुमारे ३५० कॅलरी जास्त लागतात. "दुप्पट खा" असे आम्ही सांगत नाही, कारण ते अशक्य असते आणि खरेही नसते. एक जास्तीची ज्वारीची भाकरी डाळीबरोबर आणि मूठभर शेंगदाणे गुळासह, एवढ्याने ही गरज भागते. जळजळीमुळे दोन मोठ्या जेवणांऐवजी पाच वेळा थोडे थोडे खावे, शेंगदाणे शेतात बरोबर न्यावेत आणि दुपारी दोन तास कुशीवर पडावे, असे ठरले. लोहाच्या दोन गोळ्या रोज घ्यायच्या होत्या, पण चहाबरोबर किंवा कॅल्शियमबरोबर नाही. सासरच्यांशी आशाताईच बोलल्या. माझ्या सांगण्यापेक्षा त्यांचे बोलणे तेथे अधिक चालते.

तिला महिनाभराने न बोलावता दोन आठवड्यांनी बोलावले, तेव्हा वजन ८०० ग्रॅमने वाढले होते आणि पुढच्या दोन आठवड्यांत आणखी एक किलो वाढले. गर्भाशयाची उंचीही पुढे सरकली. ती सरकली नसती, तर वजन वाढत असूनही मी तिला पुन्हा सोनोग्राफीसाठी पाठवले असते.

आता आमच्या केंद्रातील सिस्टर कार्डावर वजनाशेजारी पेन्सिलीने आणखी दोन आकडे लिहितात: मागच्या भेटीपासूनचा फरक आणि मधले आठवडे.