दोनदा परत आलेला अर्ज आणि संकेतस्थळावरच्या तळपट्टीतल्या चार ओळी

हाताने शिवलेल्या वह्या विकण्याचा माझा एकटीचा व्यवसाय आहे. वहीच्या मुखपृष्ठावर ग्राहकाने कळवलेले नाव ठशाने उमटवून देणे हे त्यातले मुख्य काम. संकेतस्थळ तयार झाल्यावर ऑनलाइन पैसे स्वीकारण्यासाठी मी एका पेमेंट सेवेकडे अर्ज केला आणि तो चौथ्या दिवशी परत आला. सोबत एका ओळीचे कारण होते : संकेतस्थळावरील व्यवसायाचे नाव नोंदणीच्या कागदाशी जुळत नाही आणि पूर्ण पत्ता आढळत नाही.

नाव न जुळण्याचे कारण शोधायला मला वेळ लागला नाही. एकल मालकीच्या व्यवसायात मालक आणि व्यवसाय हे कायद्याच्या दृष्टीने सहसा वेगळे नसतात, त्यामुळे नोंदणी माझ्या स्वतःच्या पूर्ण नावाने झाली होती. संकेतस्थळावर मात्र केवळ व्यापारी नाव होते आणि बँक खात्यावर माझे नाव आद्याक्षरांसह, म्हणजे तिसऱ्याच रूपात होते. मला ही तिन्ही नावे अर्थातच एकाच व्यक्तीची वाटत होती. पण अर्ज तपासणाऱ्याने मला कधी पाहिलेले नसते, त्याच्यासमोर फक्त कागद आणि पडदा असतो. मी तळपट्टीत, म्हणजे प्रत्येक पानाच्या अगदी खालच्या भागात, पुढील ओळ घातली : ‘(व्यापारी नाव) हा (नोंदणीतील पूर्ण नाव) यांचा एकल मालकीचा व्यवसाय आहे.’ नाव नोंदणीपत्रात जसे छापले आहे तसेच, अक्षर न् अक्षर जुळवून लिहिले. त्याखाली नोंदणी क्रमांक आणि तो कोणत्या नोंदवहीतला आहे हेही लिहिले, कारण नोंदवहीचे नाव नसेल तर क्रमांक कोठे पडताळायचा हे वाचणाऱ्याला कळत नाही.

नोंदणीपत्राची छायाप्रतच संकेतस्थळावर लावावी, असे मला एका ओळखीच्या व्यावसायिकाने सुचवले होते. मी ती लावली नाही आणि कुणी लावू नये असे माझे स्पष्ट मत आहे. त्या कागदावर सही असते, कधी वैयक्तिक कर क्रमांक किंवा जन्मतारीखही असते, आणि ती प्रत उतरवून घेऊन दुसऱ्याच संकेतस्थळावर आपल्या नावाने फसवणूक करणे फार सोपे असते. ग्राहकाला पडताळणीसाठी क्रमांक आणि नोंदवहीचे नाव पुरेसे आहे.

दुसऱ्यांदा अर्ज परत आला तो पत्त्यामुळे, आणि ती चूक पूर्णपणे माझी होती. मी घरातूनच काम करते. घराचा पत्ता जगापुढे ठेवायला मन धजत नव्हते, म्हणून सुरुवातीला केवळ परिसराचे नाव आणि टपाल पेटीचा क्रमांक दिला होता. माझ्या परिचयाच्या वकीलबाईंना विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, “तुम्ही विक्रेता आहात. ग्राहकाला तुम्हाला नोटीस पाठवायची झाली, तर ती कोणाच्या हातात पडेल हे त्या पत्त्यावरून कळायला हवे. टपाल पेटीवरून ते कळत नाही.” पुढे वाचताना लक्षात आले, की अनेक देशांच्या नियमांत नेमका हाच अर्थ आहे. युरोपीय संघाच्या २००० सालच्या ई-कॉमर्स निर्देशात प्रत्यक्ष भौगोलिक पत्ता मागितला आहे. भारताच्या २०२० सालच्या ई-कॉमर्स नियमांतही कायदेशीर नाव आणि मुख्यालयाचा भौगोलिक पत्ता संकेतस्थळावर देणे आवश्यक ठरवले आहे.

घराचा पत्ता टाळण्याचा एक सरळ मार्ग आहे, तो म्हणजे व्यवसायासाठी पत्ता आणि टपाल स्वीकारण्याची सेवा भाड्याने घेणे. मात्र आपल्या नोंदणी कार्यालयाला असा पत्ता चालतो का, हे आधी विचारून घ्यावे लागते. मी विचारले, होकार मिळाला, सेवा घेतली आणि त्याच दिवशी उत्साहाने संकेतस्थळावर नवा पत्ता टाकला. नोंदणीत मात्र अजून जुनाच होता. म्हणजे पहिल्या खेपेला नाव जुळत नव्हते, दुसऱ्या खेपेला पत्ता जुळेना. क्रम उलटा हवा होता : आधी नोंदणीत बदल, तो मंजूर झाल्याचा कागद हातात आल्यावर बँकेत आणि त्यानंतर संकेतस्थळावर.

त्याच काळात मी स्वतःलाच त्या नव्या पत्त्यावर एक नोंदणीकृत पत्र पाठवून पाहिले. ते ‘या नावाचे कोणी नाही’ असा शेरा घेऊन परत आले. सेवा देणाऱ्यांच्या यादीत माझे स्वतःचे नाव होते, व्यापारी नाव नव्हते, आणि मी पाकिटावर व्यापारी नाव लिहिले होते. खऱ्या ग्राहकानेही तेच लिहिले असते. दोन्ही नावे यादीत घालून घेतल्यावर दुसरे पत्र पोहोचले. पत्ता संकेतस्थळावर लिहिण्याआधी ही चाचणी जरूर करावी; तिला एका टपालाचाच खर्च येतो.

ही माहिती कोठे असावी याचाही विचार करावा लागला. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २००६ मध्ये असे मानले होते, की अशी माहिती दोन दुव्यांवर टिचकी मारून सापडत असेल तर ती सहज उपलब्ध आहे असे म्हणता येते. मी तळपट्टी निवडली, कारण ती प्रत्येक पानावर असते, असा माझा समज होता. मोबाइलवर स्वतःच एक ऑर्डर नोंदवून पाहिली, तेव्हा पैसे भरण्याच्या पानावर तळपट्टी नव्हतीच. ग्राहकाचे लक्ष विचलित होऊ नये म्हणून दुकानाच्या सॉफ्टवेअरने ती तिथे मुद्दाम काढून टाकली होती. मुख्य पानावर कुकींच्या परवानगीची पट्टी नेमकी पत्त्यावर येऊन बसली होती. शिवाय आरंभी मी पत्ता सुंदर दिसावा म्हणून चित्राच्या रूपात टाकला होता, त्यामुळे तो कॉपी करता येत नव्हता आणि पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला तो दिसतच नव्हता. आता तो साध्या मजकुरात आहे आणि पैसे भरण्याच्या पानावर वेगळा दुवा दिला आहे. तिसऱ्या खेपेला अर्ज मंजूर झाला.

अटी आणि शर्तींचे पान मी त्या वेळी घाईने उरकले होते, आणि त्याची किंमत सुमारे पाच महिन्यांनी मोजावी लागली. एका ग्राहकाने नाव उमटवलेली वही परत करायची म्हणून कळवले. आमच्या अटींत नाव उमटवलेली वही परत घेतली जाणार नाही असे लिहिले होते, म्हणून मी नम्रपणे नकार दिला. ग्राहकाने आपल्या बँकेमार्फत रक्कम परत मागितली, ज्याला चार्जबॅक म्हणतात, आणि पेमेंट सेवेने मला दिलेल्या मुदतीत दोन गोष्टी मागितल्या : ऑर्डर देताना ग्राहकाला ही अट कोठे दिसली, आणि त्या दिवशी अटींचा मजकूर नेमका काय होता. माझ्याकडे दोन्हींचे उत्तर नव्हते. अटींचा दुवा तळपट्टीत होता आणि पैसे भरण्याच्या पानावर आधी सांगितलेल्या त्या दुव्यावर फक्त ‘पत्ता व माहिती’ असे लिहिले होते. ऑर्डरनंतर दोन आठवड्यांनी मी तेच पान दुरुस्त केले होते आणि जुना मजकूर पुसला गेला होता. वाद मी हरले.

अमेरिकेतील एका अपिली न्यायालयाने २००२ मध्ये नेटस्केप या सॉफ्टवेअर कंपनीविरुद्धच्या खटल्यात हाच प्रश्न हाताळला होता. सॉफ्टवेअर उतरवून घेण्याचे बटण वर आणि अटींचा उल्लेख पान खाली सरकवल्याशिवाय न दिसणाऱ्या जागी, अशी तिथली रचना होती. वापरकर्त्यांना अटी दिसल्याच नसल्यामुळे त्या त्यांच्यावर बंधनकारक नाहीत, असे न्यायालयाने म्हटले. माझी रचना याहून चांगली नव्हती, हे मला मान्य करावे लागले.

मी अटींचे पान पुन्हा लिहायला बसले. जुने पान तयार नमुन्यावरून घेतलेले होते आणि त्यात मी कधीच न विकलेल्या मासिक वर्गणीबद्दल दोन परिच्छेद होते. साधी वही परत करण्याची मुदत तिथे सात दिवस होती, वस्तूच्या पानावर मात्र दहा. अशी विसंगती असेल तर अर्थ बहुधा मजकूर लिहिणाऱ्याच्या विरोधात लावला जातो, असे वकीलबाईंनी सांगितले. वर्गणीचे परिच्छेद काढून टाकले आणि दोन्ही ठिकाणी दहा दिवस ठेवले. नाव उमटवलेल्या वहीची अट अटींच्या पानाबरोबरच जिथे ग्राहक नाव टाइप करतो, त्या चौकटीच्या लगेच खाली एका वाक्यात लिहिली. मालच सदोष निघाला तर वही परत घेतली जाईल, हेही त्याच वाक्यात आहे. तो हक्क काढून घेणारी अट लिहिली तरी बहुतेक ठिकाणी ती टिकत नाही.

पैसे भरण्याच्या बटणाच्या अगदी वर संमतीची चौकट आली. ती आधीच खूण केलेली नसते. खूण ग्राहकानेच करायची असते.

```html
<label>
  <input type="checkbox" name="terms"
         value="2024-03-01" required>
  मी <a href="/terms/2024-03-01">अटी</a>
  वाचल्या असून त्या मला मान्य आहेत.
</label>
```

यातली तारीख म्हणजे अटींच्या त्या आवृत्तीचे नाव. मजकुरातला एक शब्द बदलला तरी नव्या तारखेचे नवे पान तयार होते आणि जुने पान त्याच्या पत्त्यावर जसेच्या तसे राहते. `required` ही तपासणी केवळ ग्राहकाच्या ब्राउझरमध्ये होते आणि ती चुकवता येते, म्हणून सर्व्हरवरही मूल्य पुन्हा तपासावे लागते. प्रत्येक ऑर्डरच्या नोंदीत आवृत्तीची तारीख आणि संमतीची वेळ साठवली जाते, आणि पावतीच्या ईमेलला अटींची प्रत जोडली जाते.

या बदलाआधीच्या ऑर्डरींसाठी माझ्याकडे असा कोणताही पुरावा नाही आणि तो आता मागाहून तयार करणे अप्रामाणिक ठरेल. त्यांपैकी कोणी तक्रार केली, तर मी वाद न घालता रक्कम परत करते.