ग्राहकाचा मेल पुढे पाठवताना: सोलरच्या ऑफिसातला माझा अनुभव

सातपूरला आमचं ऑफिस आहे. घरांच्या छतावर सोलर बसवून देतो. चौकशीच्या मेलबॉक्सचं काम माझ्याकडे आलं तेव्हा वाटलं, मेल वाचायचा आणि ज्याचा त्याला पाठवायचा, एवढंच असणार. पण आपले लोक चौकशी करतानाच सगळं पाठवून मोकळे होतात. "साहेब, तीन किलोवॅटचा खर्च किती?" एवढ्या एका ओळीसोबत लाइट बिल, आधारच्या दोन्ही बाजू आणि रद्द केलेला चेक. आम्ही मागितलेलंही नसतं.

मग इंदिरानगरच्या एका ग्राहकाचा मेल आला. सोसायटीने गच्ची द्यायला नकार दिला होता, काम रद्द झालं होतं. शेवटी लिहिलं होतं, "माझी कागदपत्रं तुमच्याकडून काढून टाका." मागणी रास्त होती. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार ज्या कामासाठी माहिती घेतली ते काम संपलं, आणि दुसऱ्या कुठल्या कायद्याने ती ठेवायला सांगितलेली नसली, तर ती पुसायची असते. कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्यांसाठी त्यात १८ महिन्यांची मुदत आहे. पण ग्राहकाला "मुदत संपेपर्यंत थांबा" सांगण्यात काय अर्थ?

मेल डिलीट करणं सोपं होतं, प्रती शोधणं अवघड. जीमेलमध्ये मी `in:anywhere from:` पुढे त्यांचा पत्ता टाकून शोधलं. `in:anywhere` दिलं की स्पॅम आणि ट्रॅशमधलेही मेल दिसतात. "आधार" शब्द टाकून शोधण्यावर मात्र भरवसा ठेवू नये. फोनवरून काढलेल्या फोटोचं नाव IMG आणि पुढे आकडे, एवढंच असतं.

मूळ मेल सापडला. सेंटमध्ये त्याचे दोन फॉरवर्ड निघाले: एक सर्व्हेला जाणाऱ्या दादांना, दुसरा अंबडच्या फॅब्रिकेटरभाऊंना. गोम इथेच आहे. रिप्लाय करताना अटॅचमेंट सोबत जात नाहीत, फॉरवर्ड करताना आपोआप जातात. फॅब्रिकेटरला हवं होतं गच्चीचं माप आणि फोटो. त्यांच्याकडे चेकवरचा खातेनंबरही पोचला होता. आपल्या सेंटमधून मेल काढला तरी त्यांच्या इनबॉक्समधली प्रत तशीच राहते, म्हणून भाऊंना फोन लावला.

"मॅडम, मी तर ते उघडलंही नाही."

"उघडलं नसेल तरी काढा भाऊ, आणि ट्रॅशही रिकामा करा. नाहीतर तिथे तो ३० दिवस पडून राहतो."

दादांनी फोटो फोनमध्ये सेव्ह केले होते आणि तिथून ते गूगल फोटोजच्या बॅकअपमध्ये गेले होते. शिवाय ऑफिसच्या कॉम्प्युटरवर डाउनलोड्समध्ये एक प्रत होती. कोटेशनच्या फोल्डरमध्ये आधार नव्हतं, हे नशीब. बिल फाडलेलं नसल्यामुळे जीएसटीसाठी काही ठेवायचा प्रश्न नव्हता. बिल झालं असतं तरी सांभाळायचे ते हिशेबाचे कागद, त्या नावाखाली आधारची प्रत ठेवता येत नाही. ग्राहकाला उत्तर लिहिताना कुठून काय काढलं आणि बाहेरच्या दोघांनी आपापल्याकडची प्रत काढल्याचं कळवलं, हे वेगवेगळं लिहिलं. त्यांच्या मेलबॉक्सची खात्री मी कशी देणार?

त्यानंतर कागदपत्रांचा मेल फॉरवर्ड करणं बंद केलं. आता नवा मेल लिहिते. सर्व्हेसाठी नाव, पत्ता, मोबाईल आणि गच्चीचे फोटो. महावितरणची फाइल करणाऱ्या मॅडमना ग्राहक क्रमांक आणि मंजूर भार. आधार लागलंच तर ग्राहकाकडून मास्क केलेलं मागते, म्हणजे १२ पैकी शेवटचे चारच आकडे दिसतात. यूआयडीएआयच्या साइटवर तसं डाउनलोड करता येतं. ते एकाच फोल्डरमध्ये जातं, जो मला आणि मॅडमनाच उघडतो. काम झालं किंवा रद्द झालं की तिथूनच काढते.

आमच्या साहेबांना हे आधी पटलं नाही. "चार ओळी टाइप करायला वेळ कुणाला आहे?" म्हणाले. त्यांना मी चुकीच्या पत्त्याचं उदाहरण दिलं. मेलमध्ये नावाची दोन अक्षरं टाकली की जुने पत्ते सुचतात आणि घाईत भलताच निवडला जातो. कायद्याच्या व्याख्येत चुकून उघड झालेली माहितीही डेटाचा भंगच ठरते, आणि तो ग्राहकालाही कळवायचा असतो, डेटा संरक्षण मंडळालाही. मंडळाला सविस्तर माहिती ७२ तासांत द्यायची. गच्चीचा फोटो भलत्याकडे गेला तर ग्राहकाला कळवणं त्यातल्या त्यात सोपं. आधार आणि चेक गेले तर त्या फोनवर काय बोलायचं, हे साहेबांनीच ठरवावं म्हटलं. मग चार ओळी टाइप करायला ते तयार झाले.

व्हॉट्सअॅपवर येणारी कागदपत्रं अजून राहिलीच आहेत. ती सहा जणांच्या सहा फोनवर येतात, आणि त्यातले चार फोन त्यांचे स्वतःचे आहेत.