काळा शर्ट, सरकलेली अक्षरं

पेठेतल्या एका तालमीची ऑर्डर होती. ४० काळे कॉलरचे टी-शर्ट, छातीवर बटणपट्टीच्या खाली तालमीचं नाव. मॉकअप व्हॉट्सअ‍ॅपवर गेला, पोरांनी लगेच पसंत केला. बारा शर्ट छापून झाल्यावर त्यांचा कार्यकर्ता दुकानात आला, एक शर्ट टेबलावर पसरून म्हणाला, "दादा, नाव एका अंगाला गेलंय बघा."

मी पट्टी लावली. अक्षरांचा मध्य बटणपट्टीपासून पाव इंचापेक्षा जास्त हटलेला. आमच्या छपाईवाल्यानं माप मॉकअपवरून घेतलं होतं. मॉकअप हे दाखवायचं चित्र असतं, त्यावरून फ्रेम बसवायची नसते, हे त्याला मी अनेकदा सांगितलंय. पण मॉकअपमध्येच नाव सरकलेलं होतं, आणि ते माझं काम होतं.

फोटोशॉपमध्ये नाव मी स्मार्ट ऑब्जेक्टमध्ये ठेवतो, म्हणजे गिऱ्हाईक बदललं तरी आतली फाईल बदलून सेव्ह केली की झालं. त्यावर डिस्प्लेस फिल्टर, अक्षरं कापडाच्या चुण्यांप्रमाणे वाकवायला. शर्टाच्या फोटोची कृष्णधवल प्रत, ४ पिक्सेल ब्लर करून पीएसडी म्हणून जपलेली, हा त्याचा नकाशा. ब्लर नसेल तर कापडाची वीण अक्षरांच्या कडा करवतीसारख्या करते. फिल्टर या नकाशातली करडी छटा वाचतो, ० म्हणजे काळी, २५५ म्हणजे पांढरी. १२८ असेल तिथं पिक्सेल जागचा हलत नाही, त्याहून गडद एकीकडे आणि फिका विरुद्ध दिशेला सरकतो. स्केल १०० ठेवला तर जास्तीत जास्त १२८ पिक्सेल.

पांढऱ्या आणि राखी शर्टांवर वर्षानुवर्षं केलेलं हे काम. पण काळ्या शर्टाच्या फोटोत सगळ्या छटा ३०च्या आसपास. आडवा-उभा स्केल मी २० ठेवला होता. म्हणजे चुण्या असोत नसोत, सगळं नावच साधारण २० पिक्सेल आडवं आणि तेवढंच उभं, तिरकं घसरलं. फोटोत छाती १००० पिक्सेल रुंद, खरी २० इंच. हिशेब ०.४ इंचाचा निघतो. चुण्यांवर अक्षरं इतकी सुरेख वाकली होती की माझी नजर तिथंच अडकली.

दुरुस्ती दहा मिनिटांची होती. लेव्हल्सनं नकाशा उजळवला, हिस्टोग्राममधला मीन १२८च्या जवळ आणला, फिल्टर उघडून नवा नकाशा दिला. मग फिल्टरचा डोळा बंद-चालू करून पाहिला. आता चुणीवरची अक्षरंच हलत होती, बाकीचं नाव जागेवर. आधीच्या फाईलवर हेच केलं तर अख्खी ओळ उडी मारत होती. एवढं एक क्लिक मी पाठवण्याआधी केलं नव्हतं.

बारा शर्ट आम्ही आमच्या खर्चानं परत छापले. छपाईवाल्याला आता मॉकअपसोबत वेगळा मापाचा कागद देतो, बटणपट्टीच्या टोकापासून अक्षरांचा मध्य आणि वरची कड, इंचांत. तरी त्यानं परवा विचारलंच, "मग चित्र कशाला पाठवता मला?" त्याला अजून नीट उत्तर दिलेलं नाही.