आमची वाटचाल : तापमानाच्या लूपच्या आत गॅसचा लूप

भोसरी एमआयडीसीत भाड्याच्या गाळ्यात आम्ही दोघा भागीदारांनी काम सुरू केलं, तेव्हा हातात बहुतेक दुरुस्तीचीच कामं होती. थर्मोकपल बदलणं, पॅनेलचं वायरिंग, टेम्परेचर कंट्रोलरचं कॅलिब्रेशन. या पट्ट्यात फोर्जिंग आणि हीट ट्रीटमेंटची युनिटं भरपूर, त्यामुळे भट्ट्यांची कामं येत गेली. आज गिऱ्हाईक आम्हाला भट्टीच्या कंट्रोलसाठीच बोलावतं. ही ओळख ज्या कामामुळे झाली, ते इथे सविस्तर सांगतो.

चाकणजवळच्या एका फोर्जिंग युनिटमध्ये बिलेट तापवायची भट्टी होती. ती फर्नेस ऑइलवरून पाइपच्या नैसर्गिक गॅसवर आणलेली होती. सेटपॉइंट १२०० अंश सेल्सिअस. पण दिवसातून कितीतरी वेळा तापमान २० अंशांनी खाली जायचं, हॅमर थांबवून वाट पाहावी लागायची आणि थोड्या वेळाने तेच तापमान सेटपॉइंट ओलांडून वर उसळायचं. वर गेलं की बिलेटवर स्केल जास्त धरायचा. सुपरवायझरचं म्हणणं होतं, कंट्रोलर बदला. भट्टीवरचे जुने ऑपरेटर, ज्यांना सगळे मामा म्हणत, त्यांनी मात्र एका वाक्यात दुखणं सांगितलं : "शेजारची हीट ट्रीटमेंटची भट्टी पेटली की इकडं ज्योत बसते."

आम्ही गॅसच्या हेडरवर प्रेशर ट्रान्समीटर बसवला आणि प्रेशर व तापमान एकाच रेकॉर्डरवर घेतलं. मामांचं म्हणणं खरं निघालं. शेजारची भट्टी पूर्ण फायरवर गेली की हेडरचं प्रेशर ३०० मिलिबारवरून २४० वर यायचं. व्हॉल्व्ह तितकाच उघडा असेल तर गॅसचा प्रवाह प्रेशरच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. प्रेशर २० टक्के घटलं की प्रवाह १० टक्क्यांच्या आसपास घटतो. म्हणजे तासाला ८० घनमीटर गॅस जात असेल, तर तो साधारण ७१.५ वर येतो.

कंट्रोलर बिघडलेला नव्हता. त्याला फक्त तापमान दिसत होतं आणि त्यावरून तो थेट व्हॉल्व्ह हलवत होता, म्हणजे सगळा मिळून एकच लूप होता. गॅस कमी झाला तरी तापलेल्या विटांमधली उष्णता भट्टीला काही वेळ सावरते. थर्मोकपल सिरॅमिक शीथमध्ये असतं, ते आपला वेळ घेतं. फरक कंट्रोलरपर्यंत पोचेपर्यंत दोन-तीन मिनिटं गेलेली असतात. मग तो व्हॉल्व्ह हळूहळू उघडतो, कारण इतक्या सुस्त भट्टीवर त्याचं ट्युनिंग सावकाशच ठेवावं लागतं. जोरात ठेवलं तर हंटिंग सुरू होतं, म्हणजे तापमान सतत वर-खाली झुलत राहतं. सावरता सावरता शेजारची भट्टी फायर कमी करते, प्रेशर परत ३०० वर येतं, आणि आता जास्त उघडलेल्या व्हॉल्व्हमधून गरजेपेक्षा जास्त गॅस जातो. तापमान वर उसळायचं ते यामुळे.

उपाय कास्केडचा होता, म्हणजे एका कंट्रोलरने दुसऱ्याला सेटपॉइंट द्यायचा. गॅस लाइनवर ओरिफिस प्लेट आणि फ्लो ट्रान्समीटर बसवला आणि आत एक दुसरा लूप तयार केला. आता तापमानाचा कंट्रोलर व्हॉल्व्हला हात लावत नाही. तो फक्त सांगतो, "मला तासाला इतका गॅस हवा." त्याचं ० ते १०० टक्के आउटपुट म्हणजे फ्लो कंट्रोलरचा ० ते १२० घनमीटरचा सेटपॉइंट. तेवढा गॅस मिळवून देणं हे आतल्या कंट्रोलरचं काम. प्रेशर पडलं की प्रवाहातली घट सेकंदाभरात दिसते आणि दहा सेकंदांत व्हॉल्व्ह पुरेसा उघडून प्रवाह पुन्हा ८० वर येतो.

आकड्यांत पाहा. ताशी ८.५ घनमीटरची तूट दहा सेकंद पूर्णपणे टिकली असं धरलं, तरी भट्टीला २४ लिटर गॅस कमी मिळतो. तीच तूट सहा मिनिटं राहिली तर ८५० लिटर. चोवीस लिटरांची उणीव भट्टीच्या विटा सहज पचवतात. थर्मोकपलला ती कळतसुद्धा नाही. कास्केडमध्ये तापमानाचा कंट्रोलर जास्त हुशार झालेला नसतो. बिघाड त्याच्यापर्यंत पोचण्याआधीच आत मिटवला जातो, एवढंच.

मालकांना खर्च पटवणं सोपं नव्हतं. "मला तापमान हवंय, फ्लो मीटर कशाला?" हा त्यांचा प्रश्न योग्यच होता. प्रेशर आणि तापमानाच्या दोन रेघा एकाखाली एक असलेला रेकॉर्डरचा कागद त्यांच्या टेबलावर ठेवला. प्रत्येक खड्ड्याआधी प्रेशरचा खड्डा होता. ऑर्डर मिळाली.

ट्युनिंगचा क्रम महत्त्वाचा असतो. आधी तापमानाचा कंट्रोलर मॅन्युअलवर ठेवून आतला लूप एकटा बसवला. फ्लोचा सिग्नल थरथरता असतो, म्हणून डेरिव्हेटिव्ह बंद, गेन बेताचा आणि इंटिग्रल टाइम काही सेकंदांचा. तो चोख चालल्यावरच बाहेरचा लूप, मिनिटांच्या हिशोबाने. आतला लूप बाहेरच्यापेक्षा निदान चार-पाच पट वेगवान हवा; इथे फरक त्याहून कितीतरी मोठा होता. वेग जवळजवळ सारखा असेल तर दोन्ही कंट्रोलर एकमेकांशी भांडतात आणि कास्केड नसलेलं बरं वाटतं.

आणखी एका गोष्टीकडे आम्ही कमिशनिंगच्या वेळी हमखास लक्ष देतो. गार भट्टी पेटवताना व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असतो, तरी तापमान मागे असतं. अशा वेळी बाहेरचा कंट्रोलर "आणखी गॅस, आणखी गॅस" म्हणत इंटिग्रल, म्हणजे साचत गेलेल्या फरकाची बेरीज, वाढवत बसला, तर १२०० ला पोचल्यावर तो लवकर उतरत नाही आणि तापमान पुढे निघून जातं. म्हणून आतला व्हॉल्व्ह टोकाला गेला की बाहेरचं इंटिग्रल थांबलं पाहिजे. ऑपरेटरने फ्लो कंट्रोलर लोकलवर घेतला, तर बाहेरच्या कंट्रोलरचं आउटपुट फ्लो कंट्रोलरच्या सेटपॉइंटमागे चालत राहिलं पाहिजे, म्हणजे परत कास्केडवर टाकताना झटका बसत नाही.

कास्केडने सगळंच सुटतं असं आम्ही कुणाला सांगत नाही. दार उघडलं, गार बिलेटचा लॉट आत गेला, तर ती गडबड गॅसच्या लाइनच्या बाहेरची आहे. फ्लोचा लूप तिथे काही करू शकत नाही. गॅसचं उष्मांक मूल्य बदललं तरी ओरिफिसला तो बदल उष्णता म्हणून दिसत नाही. कमी फायरवर ओरिफिसची अडचणही असते : प्रवाह पाव भागावर आला की डिफरन्शियल प्रेशर सोळाव्या हिश्शावर येतं आणि रीडिंगवर भरवसा राहत नाही. तिथे आम्ही प्रवाहाला किमान मर्यादा घालतो.

या कामानंतर आजूबाजूच्या युनिटांमधून फोन येऊ लागले, मग नाशिक आणि कोल्हापूरहूनही. आता कोटेशन देण्याआधी आम्ही प्रेशर आणि तापमान रेकॉर्ड करतो आणि व्हॉल्व्ह तपासतो. स्टेम अडकत असेल तर आउटपुट हळूहळू चढतं, प्रवाह मात्र जागेवर राहून एकदम उडी मारतो. अशा व्हॉल्व्हवर आतला लूप कायम झुलत राहतो, म्हणून आधी ग्लँड आणि पोझिशनर दुरुस्त करून घेतो. मागे शिरोलीतल्या एका फाउंड्रीने कोअर ओव्हनसाठी कास्केड मागितलं होतं. तिथे रेग्युलेटर चांगला होता, प्रेशर स्थिर होतं आणि तापमान पडायचं ते दार उघडल्यामुळे. त्यांना आम्ही दाराचं सील बदलायला सांगितलं आणि आहे तोच कंट्रोलर पुन्हा ट्यून करून दिला.